नववीची सांख्यिकी: संचित टक्केवारी ९९.९ वरच अडकतीय, १०० कशी आणायची?

शाहूपुरीची_आई

नमस्कार मंडळी. पोरगी नववीत आहे, मराठी मिडीयम. गणिताच्या बाईंनी सांख्यिकीवर एक कागद दिलाय, त्यात ३७ मुलामुलींना घरापासून शाळेत यायला किती मिनिटं लागतात ते आकडे नुसते ओळीनं लिहिलेत. त्यावरनं वर्ग पाडायचे, ताळ्याच्या खुणा करायच्या, वारंवारता काढायची, तिथवर सगळं निवांत झालं. पुढं दोन रकाने भरायचेत, एक सापेक्ष वारंवारता टक्क्यांत आणि दुसरा संचित टक्केवारी, दोन्ही एका दशांश स्थळापर्यंत. तिचा तक्ता असा झालाय,

| मिनिटं | मुलं | टक्के | संचित टक्के |
|---|---|---|---|
| ०-१० | ५ | १३.५ | १३.५ |
| १०-२० | ९ | २४.३ | ३७.८ |
| २०-३० | ११ | २९.७ | ६७.५ |
| ३०-४० | ६ | १६.२ | ८३.७ |
| ४०-५० | ४ | १०.८ | ९४.५ |
| ५०-६० | २ | ५.४ | ९९.९ |

आता शेवटी १०० यायला पाहिजे एवढं मलापण कळतं पण येतंय ९९.९. शिवाय तिच्या मैत्रिणीचं तिसऱ्या ओळीत ६७.६ आलंय आणि हिचं ६७.५, आणि दोघी फोनवर भांडायल्यात की कुणाचं बरोबर. मुलं मोजण्यात चूक नाही, मी स्वतः दोनदा मोजून बघितलंय, ३७ च होतात. कुणीतरी सांगा की.

लेखाशाखा_कोपू

ताई हे राउंडिंगचं आहे, एवढं डोक्याला लावून घेऊ नका. आम्ही ऑफिसात स्टेटमेंट करताना बेरीज ९९.९ आली की शेवटच्या ओळीत ०.१ घालतो, विषय संपला. ५.४ च्या जागी ५.५ करा म्हणजे एकूण १०० आणि संचितपण १००. ऑडिटवालेसुद्धा काही बोलत नाहीत, उलट ९९.९ दिसलं की विचारतात.

निवृत्त_गणितशिक्षक

राउंडिंगचं आहे हे लेखाशाखांचं निदान बरोबर, पण औषध चुकीचं. ६० मिनिटांच्या जवळ पोचणारी मुलं दोन आहेत आणि २ भागिले ३७ म्हणजे ५.४०५ टक्के. त्याला ५.५ कुठल्याच नियमानं म्हणता येत नाही. आणि हरवलेला ०.१ या ओळीतून गेलेलाच नाही. सहाही ओळींचे पुढचे आकडे बघा : १३.५१३५, २४.३२४३, २९.७२९७, १६.२१६२, १०.८१०८, ५.४०५४. एका दशांशावर तोडताना सगळ्याच्या सगळ्या खाली आल्या, वर एकही गेली नाही. एरवी काही वर जातात काही खाली येतात आणि बरंचसं मिटून जातं, इथं योगायोगानं सहाही एकाच बाजूला पडल्या. सगळ्यात जास्त कापलं गेलं ते २०-३० च्या ओळीतून, जवळजवळ ०.०३, आणि शेवटच्या ओळीतून सगळ्यात कमी. म्हणजे जिच्यातून कमी गेलं तिलाच तुम्ही सगळी भरपाई देताय.

ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं की संचित टक्केवारीचा रकाना टक्क्यांची बेरीज करत उतरायचा नसतो. आधी मुलांची बेरीज करत उतरायचं, ५, १४, २५, ३१, ३५, ३७, आणि मग त्या प्रत्येक आकड्याला ३७ नं भागायचं. तिसऱ्या ओळीत २५ भागिले ३७ म्हणजे ६७.५६७, एका दशांशापर्यंत ६७.६. मैत्रिणीचं बरोबर आहे. शेवटी ३७ भागिले ३७, तिथं १०० शिवाय दुसरं काही येऊच शकत नाही.

शाहूपुरीची_आई

सर धन्यवाद, पण गंमत अशी आहे की तिनं तेच केलंय! तुमचं वाचून दाखवलं तर म्हणतीय आई मी मुलांचीच बेरीज केलीय, टक्क्यांची नाही. वही बघितली, खरंच बाजूला पेन्सिलनं ५, १४, २५, ३१, ३५, ३७ लिहिलेलं आहे. तरी २५ चे ६७.५ च आलेत. आता?

सीईटीचा_बाबा

आमच्या मुलीला सीईटीत ९१ पर्सेंटाइल आलेत, मग तिला १०० पैकी ९१ टक्के मार्क पडले असं धरायचं का? शेजारचे म्हणतात मार्क तर त्याच्या मानानं कमी दिसतात. इथं टक्केवारीचा विषय चाललाय म्हणून विचारतोय, कॉलेजचा फॉर्म भरायचाय.

निवृत्त_गणितशिक्षक

@शाहूपुरीची_आई, तिला एवढंच विचारा की भागाकार कसा केला. प्रत्येक वेळी ३७ नं भागलं की एकदाच काहीतरी काढून त्यानं गुणत गेली?

@सीईटीचा_बाबा, नाही, मार्कांची टक्केवारी वेगळी. तुमच्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे परीक्षार्थी एकूण परीक्षार्थींच्या ९१ टक्के आहेत, असा त्याचा अर्थ. तुम्ही धागा चुकलात असं वाटेल, पण खरं तर ती संचित टक्केवारीच आहे, फक्त दहा-दहाचे वर्ग न पाडता एकेका गुणाला काढलेली. फॉर्ममध्ये पर्सेंटाइलच्या रकान्यात पर्सेंटाइल लिहा, मार्कांच्या रकान्यात ते लिहू नका.

शाहूपुरीची_आई

विचारलं. म्हणाली प्रत्येकाला ३७ नं भागत कोण बसणार, १०० भागिले ३७ एकदाच काढलं, २.७ आलं आणि सगळ्यांना २.७ नं गुणलं. मला तर ही हुशारीच वाटली सर.

निवृत्त_गणितशिक्षक

हुशारीच आहे, मीही वर्गात हेच सांगायचो, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो आणि ३७ चा पाढा कुणाला येत नाही. पण १०० भागिले ३७ म्हणजे २.७ नव्हे, २.७०२७०२७... असं ते चालतच राहतं. तिनं गुणण्याच्या आधीच तोडलं. आता ३७ गुणिले २.७ करून बघा, ९९.९ येतं, बरोबर तिच्या शेवटच्या ओळीतलं. २५ गुणिले २.७ म्हणजे ६७.५, तेही जुळलं. म्हणजे बेरीज मुलांची केली तरी टक्के काढताना प्रत्येक मुलामागं ०.००२७ टक्का गळतोय. पाच मुलांना ते जाणवत नाही, पंचवीस मुलं गोळा झाली की ०.०६७ होतं आणि दशांशातला आकडा बदलतो. वरच्या दोन ओळी म्हणूनच बरोबर दिसतात आणि तिसरीपासून खालचं सगळं ०.१ नं कमी. लहान आकड्यांना गळती झाकली जाते, संचितात ती साठत जाते.

तिला म्हणावं २.७०२७ धर. २५ गुणिले २.७०२७ म्हणजे ६७.५६७५, मग शेवटी एकदाच जवळच्या दशांशाला आणायचं, ६७.६. संचित रकाना असा येईल, १३.५, ३७.८, ६७.६, ८३.८, ९४.६, १००. सापेक्ष टक्क्यांचा रकाना आहे तसाच राहू दे, तो बरोबर आहे.

रंकाळा_कट्टा

आयला ०.००२७ नं एवढी भानगड. लई भारी पकडलं सर. पण मग आता नवीनच घोळ झाला की, ६७.६ वजा ३७.८ करा, २९.८ येतंय आणि शेजारच्या रकान्यात तर २९.७ लिहिलंय. बाई म्हणतील दोन रकाने एकमेकांशी जुळत नाहीत, मग पोरीनं काय सांगायचं?

निवृत्त_गणितशिक्षक

सांगायचं की दोन्ही बरोबर आहेत. ११ भागिले ३७ म्हणजे २९.७३, तोडून २९.७. ६७.५७ आणि ३७.८४ यांची वजाबाकी २९.७३ च आहे, पण वजाबाकीच्या आधी एक वर ढकलला ६७.६ झाला, दुसरा खाली आला ३७.८ झाला, त्यामुळं फरक फुगला. शेजारच्या ओळींत ०.१ चा असा फरक दिसला तर तो तोडण्याचा आहे. ०.५ किंवा २ चा दिसला तर मात्र कुठंतरी बेरीज किंवा भागाकार चुकलाय, तिथं परत जायचं.

आयटीवाला_बाणेर

मूळचा राजारामपुरीचा, आता पुण्यात. एवढं लांबवायची गरजच नाही, दोन दशांश घ्या की. आत्ता करून बघितलं, १३.५१, २४.३२, २९.७३, १६.२२, १०.८१, ५.४१, बेरीज बरोब्बर १००.००. प्रॉब्लेम सॉल्व्ह. जास्त दशांश घेतले की एरर जातो, सिंपल. बेरीज १०० आली की टक्के टोटलून संचित काढलं तरी चालतंय.

निवृत्त_गणितशिक्षक

बेरीज १०० आली म्हणजे मधलं सगळं बरोबर, असं होत नाही. तुमच्याच आकड्यांत दुसरी ओळ बघा, १३.५१ अधिक २४.३२ म्हणजे ३७.८३. खरं १४ भागिले ३७ म्हणजे ३७.८३७८, दोन दशांशांत ३७.८४. तिसऱ्या ओळीतही तुमचं ६७.५६ येईल, खरं ६७.५७. चौथ्या ओळीला १६.२१६२ वर ढकलून १६.२२ झालं म्हणून तुमची गाडी परत रुळावर आली आणि शेवट १०० झाला. मध्ये दोन ओळी चुकलेल्याच राहिल्या. आणि एकही दशांश न घेता पूर्ण संख्येत केलं तर १४, २४, ३०, १६, ११, ५, बेरीज १००, आणि संचितही १४, ३८, ६८, ८४, ९५, १००, एकूण एक बरोबर! म्हणजे शून्य दशांशाला जुळलं, एकाला ९९.९, दोनाला शेवट जुळला पण मधलं नाही. त्या त्या आकड्यांचा योगायोग आहे तो, त्यावर पद्धत उभी करता येत नाही. शिवाय कागदावर एक दशांश मागितलाय, तर एकच द्यायचा.

आयटीवाला_बाणेर

ओके सर, हे मानलं. पण एक्सेलमध्ये केलं तर ही भानगडच येत नाही ना, तो आत पूर्ण आकडा ठेवतो, तोडतो फक्त दाखवताना. ज्यांना घरी ताळा करायचाय त्यांच्यासाठी, वर्ग A मध्ये, मुलं B2 ते B7, बेरीज B8 मध्ये:

```
C2: =B2/B$8*100
D2: =SUM(B$2:B2)
E2: =D2/B$8*100
```

मग तिन्ही खाली ओढायचे. डॉलर विसरलात तर दुसऱ्या ओळीपासून `#DIV/0!` येईल कारण खाली ओढताना B8 चा B9 होतो आणि तिथं काही नसतं. आणि सेलला टक्क्याचं फॉरमॅट लावलं असेल तर `*100` काढून टाका, नाहीतर पहिल्या ओळीत १३५१ टक्के दिसतील.

रंकाळा_कट्टा

भावा पण एक्सेलमध्ये एका दशांशावर ठेवून C ची बेरीज मारली तर तो १००.० दाखवतोय, आणि तेच दिसणारे सहा आकडे मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टोटलले तर ९९.९. प्रिंट काढून दिली तर बघणाऱ्याला वाटेल एक्सेलला बेरीज येत नाही 😄

लेखाशाखा_कोपू

म्हणूनच म्हणत होतो की स्टेटमेंट जुळलेलं दिसलं पाहिजे. तुम्ही गणितवाले काहीही म्हणा, साहेबाच्या टेबलावर ९९.९ नेऊन दाखवा बघू.

निवृत्त_गणितशिक्षक

साहेबाला तळटीप दाखवायची, "आकडे एका दशांशापर्यंत घेतल्यामुळे बेरीज १०० पेक्षा किंचित वेगळी येऊ शकते." छापील सरकारी तक्त्यांतही अशी ओळ असते, तुम्हीही वाचली असेल. जुळवायचंच असेल तर निदान ०.१ त्या ओळीला द्या जिच्यातून सर्वांत जास्त कापलं गेलं, म्हणजे २९.७ चं २९.८. शाळेच्या वहीत मात्र मी हेही करू देणार नाही.

एकूणच्या ओळीत ९९.९ लिहायचं की १०० यावर मात्र शिक्षकांतच दोन मतं आहेत. मी स्वतः १०० लिहायला लावायचो, कारण ती ओळ ३७ भागिले ३७ ची आहे, वरच्या आकड्यांच्या बेरजेची नाही. माझे एक सहकारी ९९.९ लिहून खाली टीप मागायचे. आमच्या स्टाफरूममध्ये हा वाद माझ्या निवृत्तीपर्यंत मिटला नव्हता.

जयसिंगपूरची_बाई

मी शाळेत गणित शिकवते म्हणून एक विचारते, बरोबर २० मिनिटं लागणारी मुलं तिनं कुठल्या वर्गात घेतलीत? मुलं हमखास १०-२० मध्येही खूण करतात आणि २०-३० मध्येही, मग बेरीज ३७ च्या वर जाते आणि चूक सापडते तरी. पण सरसकट सगळे २० वाले १०-२० मध्ये ढकलले तर बेरीज ३७ च राहते, काही कळत नाही, आणि संचित रकाना मात्र बदलतो. दुसऱ्या ओळीतले ३७.८ म्हणजे "२० पेक्षा कमी" मिनिटं लागणारी मुलं, म्हणून २० वाली तिथं नकोत. संचित आकडा कायम वरच्या वर्गमर्यादेला चिकटवून वाचायचा. आमच्याकडं पोरं "१०-२० मध्ये ३७.८ टक्के मुलं" असं वाचतात आणि तिथंच मार्क जातात, १०-२० मध्ये तर २४.३ च आहेत.

शाहूपुरीची_आई

बाई, बघितलं, २० वाली तीन मुलं आहेत आणि तिन्ही २०-३० मध्येच टाकलीत. सगळ्यांचे आभार, पहिला भाग तिनं परत लिहून काढलाय. आता दुसरा भाग. त्याच ३७ मुलांचं, शाळेत कशानं येतात: सायकल ९, केएमटी ८, चालत १२, रिक्षा ५, घरचे सोडतात ३. इथंपण कागदावर तेच दोन रकाने छापलेत. टक्के आले, २४.३, २१.६, ३२.४, १३.५, ८.१. संचित भरताना ती थांबली, म्हणतीय "चालत पर्यंत ७८.४ टक्के" याचा अर्थ काय लिहू?

जयसिंगपूरची_बाई

तिचं थांबणं बरोबर आहे. मिनिटांना क्रम असतो, २० च्या आत, ३० च्या आत असं म्हणता येतं. सायकल, केएमटी आणि चालत यांना कसला क्रम? यादीत चालत आधी लिहिलं असतं तर त्याच्यासमोर ३२.४ आलं असतं. मी तर त्या रकान्यात आडवी रेघ मारायला सांगेन.

भट्टीवाला_शिरोली

थांबा थांबा, इथं मला बोलायला पाहिजे. मी फौंड्रीत क्वालिटीला आहे, आणि आमच्याकडं महिन्याचं रिजेक्शन बघताना नेमकं हेच करतात. ब्लो होल, सँड इन्क्लूजन, श्रिंकेज, मिसरन, यांना तरी कुठं क्रम असतोय. पण आम्ही जास्तीत जास्त नग वाया घालवणारं कारण वर घेतो, त्याच्याखाली दुसरं, तसं उतरत्या क्रमानं लावतो आणि मग संचित टक्के काढतो. त्यावरनं कळतं की पहिली दोन कारणं मिटवली तर किती टक्के रिजेक्शन हातात येतं. परेटो चार्ट म्हणतात त्याला, गिऱ्हाईक कंपन्या ऑडिटला आल्या की पहिला तोच मागतात. मग पोरीनंपण तसं करावं की, चालत १२ वर, सायकल ९ त्याच्याखाली, दोन्ही मिळून २१, म्हणजे ५६.८ टक्के. "अर्ध्याहून जास्त मुलं चालत किंवा सायकलीनं येतात," झाला की अर्थ.

जयसिंगपूरची_बाई

दादा, तुम्ही क्रम मुद्दाम लावला, मोठ्याकडून लहानाकडं, तो तुमच्या कामाचा आहे. कागदावरचा क्रम तसा नाही, आणि नववीच्या मुलीनं स्वतःहून ओळी हलवल्या तर तपासणारी बाई काय म्हणेल सांगता येत नाही. शिवाय ते वाक्य बोलायला १२ आणि ९ ची साधी बेरीज पुरते, आख्खा रकाना कशाला?

भट्टीवाला_शिरोली

पाच ओळींना पुरते ओ बाई, आमच्याकडं वीस-बावीस कारणं असतात. आणि ओळी हलवायच्या नाहीत असं कुठं लिहिलंय? मी तर म्हणतो हलव आणि वर लिही, "उतरत्या क्रमानं."

रंकाळा_कट्टा

कागद करणाऱ्यानं पहिला तक्ता कॉपी-पेस्ट मारून दुसऱ्याला चिकटवलाय हो, रकाना तसाच राहिला. तुम्ही दोघं भांडायला लागलाय, त्या बाईंच्या ध्यानातपण नसेल.

निवृत्त_गणितशिक्षक

रंकाळा म्हणतात ती शक्यता मोठी आहे. माझं मत जयसिंगपूरच्या बाईंकडं झुकतं, पण भट्टीवाल्यांचं चुकीचं नाही. मुलीनं रकाना कोरा ठेवून खाली एक ओळ लिहावी की प्रवासाच्या साधनांना नैसर्गिक क्रम नाही म्हणून संचित काढलेलं नाही. बाईंना रकाना भरूनच हवा असेल तर त्या सांगतीलच.

शाहूपुरीची_आई

ती म्हणतीय भट्टीवाल्या काकांचं करते, क्रम लावून, आणि वर लिहिते. मैत्रीण रेघ मारणार आहे. म्हणजे भांडण आणखी चालू 😄 शेवटचं एक, पहिल्या तक्त्याच्या खाली एक प्रश्न आहे, "अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागणारी मुले किती टक्के?" त्यासाठी पेक्षा-जास्तचा रकाना वेगळा काढावा लागेल का?

निवृत्त_गणितशिक्षक

नाही. ३० पेक्षा कमी ६७.६ आहेत, १०० मधून वजा करा, ३२.४. ताळा करायचा तर ६, ४ आणि २ मिळून १२ मुलं, १२ भागिले ३७ म्हणजे ३२.४३. आणि तिच्या पहिल्या तक्त्यातल्या ६७.५ वरून हेच केलं असतं तर ३२.५ आलं असतं, तो आकडा कुठल्याच मुलांशी जुळला नसता. पण "२५ मिनिटांपेक्षा कमी किती" असं कुणी विचारलं तर या तक्त्यावरून सांगता येणार नाही. ११ मुलं २०-३० मध्ये नेमकी कुठं आहेत ते वर्ग पाडतानाच गेलं, त्यासाठी कागदावरच्या मूळ ३७ आकड्यांकडंच परत जावं लागेल.